एक्सेलमध्ये NPV काढताना पहिली रक्कम एक वर्ष पुढे ढकलली जाऊ नये म्हणून

पिठाच्या गिरणीत एक कोपरा मोकळा आहे आणि तिथे मिरची कांडप यंत्र बसवायचा विचार चालू आहे, असं समजू. यंत्र, मोटर आणि बसवणी मिळून ३,००,००० रुपये आजच द्यायचे. वीज, मजुरी आणि दुरुस्ती वजा जाता पहिल्या वर्षी ७०,००० रुपये हाती राहतील, दुसऱ्या वर्षी ९०,०००, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येकी १,००,०००. पाचव्या वर्षी ९०,००० मिळतील आणि शेवटी यंत्र विकून ४०,००० येतील, म्हणजे १,३०,०००. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

सगळ्यांची नुसती बेरीज केली तर १,९०,००० रुपये फायदा दिसतो. पण पाचव्या वर्षीचे १,३०,००० म्हणजे आजचे १,३०,००० नव्हेत. हेच पैसे दुसरीकडे गुंतवून वर्षाला १२ टक्के सुटत असतील किंवा तेवढ्याच दराने कर्ज काढावं लागत असेल, तर पुढच्या प्रत्येक रकमेची आजची किंमत त्या दराने कमी करून घ्यायची आणि त्यातून आजचा खर्च वजा करायचा. जे उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे NPV. एक्सेलमध्ये यासाठी याच नावाचं फंक्शन तयार असतं, आणि नेमकी तिथेच गफलत होते.

आधी पान नीट मांडा

नवी शीट उघडा. A1 मध्ये "दर" लिहा आणि B1 मध्ये टक्क्याच्या चिन्हासकट `12%` टाइप करा. नुसतं 12 टाइप केलंत तर साध्या सेलमध्ये एक्सेल त्याला १२०० टक्के समजतो आणि उत्तर उणे २,९४,००० च्या आसपास येतं. ही चूक तशी प्रामाणिक, कारण ती लगेच डोळ्यांत भरते. या लेखाचा विषय असलेली चूक तशी नाही.

दर वेगळ्या सेलमध्ये ठेवायचा, सूत्रात कोंबायचा नाही. उद्या बँकेने व्याज वाढवलं तर एकच आकडा बदलावा लागेल.

तिसऱ्या ओळीत शीर्षकं द्या: A3 मध्ये "वर्ष", B3 मध्ये "रोख", C3 मध्ये "गुणक", D3 मध्ये "आजची किंमत". त्याखाली A4 ते A9 मध्ये 0, 1, 2, 3, 4, 5 भरा. B स्तंभात रोख रकमा येतील, खर्चाला उणे चिन्ह लावून:

```
A4  0    B4  -300000
A5  1    B5    70000
A6  2    B6    90000
A7  3    B7   100000
A8  4    B8   100000
A9  5    B9   130000
```

वर्षाच्या स्तंभात 1 पासून नव्हे तर 0 पासून सुरुवात करायची, हे महत्त्वाचं. 0 म्हणजे आज. 1 म्हणजे आजपासून बरोबर एक वर्षानंतर, "पहिल्या वर्षात कधीतरी" नव्हे. कांडपाचे पैसे खरं तर रोज गल्ल्यात पडत असतात. ते सगळे वर्षअखेरीस एकदम आले असं धरणं ही सोय झाली, आणि छोट्या हिशोबात ती चालते. आज दिलेले तीन लाख मात्र वर्षअखेरीस दिले असं धरणं ही सोय नाही, ती चूक आहे.

फंक्शन करतं काय

बहुतेक जण आता रिकाम्या सेलमध्ये हे लिहितात:

```
=NPV(B1,B4:B9)
```

दर दिला, रकमा दिल्या, उत्तर आलं: ३८,१६३. आकडा धन आहे, पटण्यासारखा आहे, कुठेही लाल अक्षरात एरर नाही. तरी तो चुकीचा आहे.

NPV फंक्शनला "आज" ही जागाच ठाऊक नाही. त्याला दिलेली पहिली रक्कम पहिल्या कालावधीच्या शेवटी आली असं ते धरतं, दुसरी दुसऱ्याच्या शेवटी, आणि असंच पुढे. सूत्राच्या डावीकडचं fx बटण दाबून NPV ची खिडकी उघडली तर रकमा प्रत्येक कालावधीच्या शेवटी येतात असं तिथे लिहिलेलं असतं, पण ती ओळ वाचतो कोण! A स्तंभात तुम्ही 0 लिहिलंय की 1, याच्याशी फंक्शनला काही देणंघेणं नाही. ते A स्तंभ बघतच नाही, फक्त रकमांचा क्रम बघतं.

त्यामुळे आज द्यायचे ३,००,००० त्याने एक वर्षाने द्यायचे धरले आणि १.१२ ने भागून २,६७,८५७ केले. पहिल्या वर्षीचे ७०,००० दुसऱ्या वर्षी गेले, पाचव्याचे १,३०,००० सहाव्या वर्षी. अख्खी गिरणी एक वर्ष पुढे सरकली.

बरोबर सूत्रात आजची रक्कम फंक्शनच्या बाहेर राहते. B11 मध्ये लिहा:

```
=B4+NPV(B1,B5:B9)
```

उत्तर येतं ४२,७४३. B4 मधला आकडा आधीच उणे आहे, म्हणून मध्ये बेरजेचं चिन्ह हवं. तिथे वजाबाकी केली तर उत्पन्नही खर्च होऊन बसतं आणि उणे ६,४२,७४३ असा आकडा दिसतो.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदत-पानावरही हेच सांगितलंय: पहिली रक्कम कालावधीच्या सुरुवातीला येत असेल तर ती NPV च्या यादीत न घालता उत्तरात मिळवावी. म्हणजे फंक्शन बिघडलेलं नाही, त्याचा संकेत वेगळा आहे. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांचं NPV हाच संकेत पाळतं, त्यामुळे फाइल तिकडे नेऊन उत्तर पडताळलं तर दोन्हीकडे तीच चूक तशीच दिसेल.

चूक लपून का राहते

चुकीचं उत्तर हे बरोबर उत्तराला (१ + दर) ने भागून आलेलं असतं. ४२,७४३ भागिले १.१२ केलं की ३८,१६३. म्हणून बरोबर उत्तर धन असेल तर चुकीचंही धनच येतं, आणि उणे असेल तर उणेच. "यंत्र घ्यावं की नाही" एवढंच विचारलं तर दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, आणि शंका यावी असं काही घडतच नाही.

हिशोब तपासायच्या नेहमीच्या दोन युक्त्याही इथे फसतात. पहिली युक्ती अशी की दर शून्य करायचा, म्हणजे NPV साध्या बेरजेएवढी यायला हवी. B1 मध्ये `0%` टाका: दोन्ही सूत्रं १,९०,००० दाखवतात. दुसरी युक्ती अशी की `=IRR(B4:B9)` ने परताव्याचा दर काढायचा आणि तो B1 मध्ये टाकून NPV शून्य होते का पाहायचं. इथे IRR १७.१ टक्क्यांच्या आसपास येतो. तो सगळ्या दशांशांसकट B1 मध्ये आला की दोन्ही सूत्रं शून्यावर येतात, कारण शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच. ओघाने सांगायचं तर IRR ला B4 पासूनच्या सगळ्या रकमा द्यायच्या असतात, त्याला ही अडचण नाही. IRR ची सवय झालेला माणूस NPV लाही तीच श्रेणी देतो, हे या चुकीचं एक मोठं कारण असावं असं मला वाटतं.

चूक बाहेर येते ती NPV चा आकडा दुसऱ्या एखाद्या रकमेशी ताडून पाहायची वेळ आली की. समजा, शेजारचा दुकानदार म्हणाला, "तो कोपरा मला पाच वर्षं द्या, आज ४०,००० रोख मोजतो." चुकीच्या सूत्रानुसार यंत्राची किंमत ३८,१६३, म्हणजे कोपरा देऊन टाकावा. बरोबर सूत्रानुसार ४२,७४३, म्हणजे यंत्र बसवावं. निर्णय उलटला. भागीदाराचा हिस्सा विकत घेताना, जागेचा मोबदला ठरवताना किंवा वेगवेगळ्या दरांनी काढलेल्या दोन योजनांची तुलना करताना असाच फरक पडू शकतो.

दुसऱ्या वाटेने ताळा करा

म्हणून NPV फंक्शनवर न विसंबता तोच हिशोब हाताने मांडायचा. C4 मध्ये लिहा:

```
=1/(1+$B$1)^A4
```

आणि D4 मध्ये:

```
=B4*C4
```

दोन्ही सेल निवडून नवव्या ओळीपर्यंत खाली ओढा. डॉलरच्या खुणांमुळे दराचा सेल जागचा हलत नाही. आता C4 पाहा: तिथे 1 च यायला हवा, कारण आजच्या रुपयाची आजची किंमत एक रुपयाच असते. C5 मध्ये ०.८९२९ आणि C9 मध्ये ०.५६७४ दिसेल. D5 मध्ये ७०,००० चे ६२,५०० झालेले दिसतील, D9 मध्ये १,३०,००० चे ७३,७६५. D10 मध्ये `=SUM(D4:D9)` लिहा: ४२,७४३. शेवटी B12 मध्ये ताळ्याचं सूत्र:

```
=ROUND(B11-D10,2)
```

इथे 0 दिसला तर सूत्र बरोबर बसलं आहे. 0 सोडून दुसरं काही दिसलं, तर B11 मधली श्रेणी B4 पासून सुरू होतेय का, हे आधी पाहायचं.

हा स्तंभ वर्षाचा आकडा A स्तंभातून उचलतो, म्हणून कोणती रक्कम कधीची धरली आहे हे उघड्यावर राहतं. माझ्या मते महत्त्वाच्या हिशोबात D स्तंभच मुख्य मानावा आणि NPV फंक्शन फक्त ताळ्यापुरतं ठेवावं. दोन स्तंभ जास्त लागतात खरे, पण बँकेचा अधिकारी असो की घरातलं कोणी, प्रत्येक ओळ बोट ठेवून दाखवता येते.

रिकामा सेल

याच फंक्शनचा दुसरा खोडसाळपणा पहिल्याहून जास्त महागात पडतो. समजा, थ्री-फेज जोडणी मिळायला उशीर झाला आणि पहिलं वर्ष यंत्र बंदच राहिलं. पहिल्या वर्षी उत्पन्न नाही म्हणून तुम्ही B5 वर जाऊन डिलीट दाबलं. B11 मध्ये १३,८७२ उरतात. फायदा घटला, पण यंत्र परवडतंय.

परवडत नाहीये. B5 मध्ये 0 टाइप करा आणि बघा: उणे १९,७५७.

NPV ला सेलची श्रेणी दिली की त्यातले रिकामे आणि मजकुराचे सेल ते मोजतच नाही, सरळ वगळतं. B5 रिकामा राहिल्यावर दुसऱ्या वर्षीचे ९०,००० पहिल्या वर्षाच्या जागी आले आणि मागच्या सगळ्या रकमा एकेक वर्ष अलीकडे सरकल्या. सूत्र बरोबर होतं, तरीही तोट्याचा व्यवहार फायद्याचा दिसला. आधीच्या चुकीत चिन्ह कधी उलटत नव्हतं, इथे ते उलटलं.

वगळला जाणारा मजकूर दरवेळी मजकुरासारखा दिसेलच असं नाही. "काही नाही" या अर्थाने हाताने टाकलेली आडवी रेघ हा मजकूर असतो. बँकेच्या विवरणपत्रातून किंवा वेबपानावरून कॉपी केलेले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून येतात. ते सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात आणि बहुधा कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असतो. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा B13 मध्ये हे लिहा:

```
=COUNT(B4:B9)=ROWS(B4:B9)
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतं आणि ROWS सगळ्या ओळी. `TRUE` आलं तर सहाही सेलमध्ये आकडे आहेत. `FALSE` आलं तर कुठेतरी रिकामी जागा किंवा मजकूर आहे, आणि B11 वर विश्वास ठेवायचा नाही. मधल्या वर्षाचा सेल रिकामा असेल तर B12 मधला ताळाही बिघडलेला दिसेल, कारण D स्तंभ रिकाम्या जागेला शून्य धरतो आणि बाकीची वर्षं जागची हलवत नाही.

पैसे आगाऊ येत असतील तर

पहिली रक्कम नेहमी बाहेरच काढायची, असा नियम मात्र पाठ करू नका. विक्रेत्याने "यंत्र आज न्या, पैसे बरोबर वर्षाने द्या" असं लेखी दिलं, तर ते तीन लाख खरोखरच पहिल्या वर्षअखेरचे होतात आणि B5 मध्येच वजा करायला हवेत. उलट गाळ्याचं वार्षिक भाडं दर वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ मिळत असेल, तर प्रत्येक रक्कम एकेक वर्ष आधी येते. तिथे पूर्ण यादी फंक्शनला देऊन उत्तराला (१ + दर) ने गुणायचं:

```
=NPV(B1,B4:B8)*(1+B1)
```

प्रश्न प्रत्येक रकमेबाबत एकच विचारायचा: हे पैसे आजपासून किती काळाने हात बदलणार?

तारखा असतील तर XNPV

रकमा ठरावीक अंतराने येत नसतील तर तारखांवर चालणारं XNPV वापरतात. E4 मध्ये `=DATE(2026,4,1)` लिहा, E5 मध्ये `=EDATE(E4,12)`, आणि ते E9 पर्यंत खाली ओढा. तारखांऐवजी पाच आकडी संख्या दिसल्या तर त्या सेलना तारखेचं फॉरमॅट द्या. तारीख सरळ 1/4/2026 अशी टाइप करू नका. संगणकावर अमेरिकी मांडणी असेल तर तो ४ जानेवारी वाचतो. मग सूत्र:

```
=XNPV(B1,B4:B9,E4:E9)
```

इथे संकेत बरोबर उलटा आहे. XNPV पहिल्या तारखेला "आज" मानतं आणि तिथली रक्कम जशीच्या तशी ठेवतं. म्हणून B4 यादीच्या आतच हवा. उत्तर ४२,६५६ येतं, आपल्या आकड्याहून सुमारे ८७ रुपयांनी कमी. ही चूक नव्हे. XNPV वर्ष ३६५ दिवसांचं धरतं आणि २०२८ चं २९ फेब्रुवारी वाटेत येतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासूनच्या रकमा एकेक दिवस लांबतात.

NPV मध्ये हात पोळलेले लोक इथे जुन्या सवयीने B4 बाहेर काढतात. `=B4+XNPV(B1,B5:B9,E5:E9)` लिहिलं की फंक्शनच्या लेखी "आज" एक वर्ष पुढे जातो, ७०,००० ला कात्री लागत नाही, आणि उत्तर ८३,००० च्या वर जातं, म्हणजे खऱ्याच्या जवळपास दुप्पट. B4 बाहेरही ठेवला आणि आतही राहू दिला, तर तीन लाख दोनदा वजा होतात.

दुसऱ्याची फाइल तपासताना

सल्लागाराने किंवा विक्रेत्याने तयार फाइल पाठवली असेल तर NPV च्या सेलवर जाऊन F2 दाबा. सूत्रातल्या श्रेणीभोवती रंगीत चौकट दिसते. ती आजच्या खर्चाच्या सेलपासून सुरू होत असेल तर शंका खरी ठरली.

सूत्र लांबलचक असेल किंवा दुसऱ्या शीटवर पसरलेलं असेल, तर फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीत आजचा खर्च तसाच ठेवून पुढच्या सगळ्या वर्षांत 0 भरा. डिलीट करू नका, 0 टाइप करा. आज फक्त तीन लाख द्यायचे आणि पुढे काहीच यायचं नसेल, तर NPV उणे ३,००,००० च असली पाहिजे. तिथे उणे २,६७,८५७ दिसलं, की आजचा खर्चही वर्षभराने पुढे ढकलला गेलाय हे नक्की. दर शून्य करून किंवा IRR टाकून जी चूक सापडत नाही, ती इथे सापडते.

हाती फक्त छापील अहवाल असेल तर त्यातल्या वर्षवार रकमा आणि दर आपल्या पानात भरून घ्या. तुमच्या D10 ला त्यांच्या आकड्याने भागल्यावर १२ टक्के दराला बरोबर १.१२, किंवा १० टक्के दराला १.१० आलं, तर अहवाल करणाऱ्याला एवढंच विचारा की सुरुवातीचा खर्च NPV च्या कंसाच्या आत आहे की बाहेर.